पेपरचे फोटो बघून मार्कांचा अंदाज: किती बरोबर येतो?

प्रश्न: सराव परीक्षेचा गणिताचा पेपर देऊन झाला, उत्तरपत्रिका जमा करायच्या आधी सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत. निकालाला अजून आठ-दहा दिवस आहेत. फोटो बघून साधारण किती मार्क पडतील हे काढता येतं का, आणि आलेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवायचा?

उत्तर:

काढता येतं, पण एक आकडा नाही, पट्टा काढायचा. "६२ पडतील" असं कोणी छातीठोक सांगितलं तर ऐकून सोडून द्या, "५५ ते ६५ च्या मध्ये कुठेतरी" असं सांगितलं आणि ते कसं काढलं हेही सांगितलं तर ऐकण्यासारखं आहे. मी बरीच वर्षं गणित शिकवतोय, पेपरही तपासतो आणि पोरं दरवेळी असे फोटो पाठवून "सर किती पडतील" विचारतातच, त्यामुळे चुकीचे अंदाज देऊन देऊन थोडं शहाणपण आलंय.

पहिलं काम मार्क मोजायचं नाही, फोटो मोजायचं. प्रश्नपत्रिका समोर घ्या, प्रत्येक उपप्रश्न एका ओळीत लिहा, समोर त्याचे मार्क आणि तो कुठल्या फोटोत आहे ते. हे केलं की लगेच कळतं की पुरवणीचा एक फोटो राहिलाय, किंवा पानाची कड कापली गेलीय आणि समासातला प्रश्न क्रमांकच दिसत नाहीये. पेन्सिलीने काढलेली आकृती फोटोत पुसट येते, दशांश चिन्ह गायब होतं, आणि वजाचं चिन्ह आखीव पानाच्या रेघेत मिसळून जातं. असं काही दिसलं तर तिथे शून्यही धरू नका आणि "मी बरोबरच लिहिलं असणार" म्हणून पूर्णही धरू नका, ती जागा संशयित म्हणून वेगळी ठेवा. आणि "चारपैकी कोणतेही तीन सोडवा" टाईप प्रश्न असेल तर चारही सोडवून चारही मोजू नका. हे हसण्यावारी नेऊ नका, मी स्वतः एका मुलाला असं मोजून ४ मार्क जास्त सांगितले होते. काही ठिकाणी अशा वेळी पहिले तीन धरतात, काही ठिकाणी ज्यात जास्त मार्क पडले ते तीन, तुमच्याकडे काय नियम आहे ते प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनेत बघा.

आता खरी गंमत. प्रत्येक उपप्रश्नाला एक नाही तर तीन आकडे द्यायचे: कडक तपासलं तर किती, बहुतेक किती, आणि सैल हाताने तपासलं तर किती. एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. ४ मार्कांचा प्रश्न आहे: आयताची लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ७० चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. मुलीने रुंदी x धरून समीकरण बरोबर मांडलं:

```
x² + 3x − 70 = 0
```

पण अवयव पाडताना चिन्हं उलटी झाली, (x + 10)(x − 7) च्या जागी (x − 10)(x + 7) लिहिलं, मग x = 10 किंवा x = −7 आलं, ऋण किंमत "रुंदी ऋण नसते" असं कारण देऊन सोडली आणि शेवटी रुंदी १०, लांबी १३ असं उत्तर लिहिलं. मार्कांची वाटणी समजा अशी आहे की समीकरणाला १, अवयवांना १, दोन्ही किमतींना १, आणि ऋण किंमत कारण देऊन सोडून एककासह उत्तर लिहिण्याला १. समीकरणाचा १ नक्की. अवयवांचा नक्की गेला. किमतींचा १ मिळेल का? चुकीच्या अवयवांवरून पुढची पायरी बरोबर केलीय, बरेच तपासनीस आधीची चूक एकदाच कापतात आणि पुढे मार्क देतात, काही जण चूक झाली की पुढचं सगळं कापतात. शेवटचाही तसाच, त्यात तिने मीटर लिहिलंच नाहीये. म्हणजे कमीत कमी १, बहुतेक २, जास्तीत जास्त ३. (१० गुणिले १३ करून बघितलं असतं तर १३० येताना दिसलं असतं आणि तिथेच चूक सापडली असती, पण ते असो.)

हे तुम्ही स्वतः कराल तर एक अडचण येते. आपलं आपण वाचताना कागदावर नसलेली पायरीपण दिसते, कारण ती डोक्यात असते. म्हणून फोटो अशा मित्राला द्या ज्याने तुमच्याशी पेपरबद्दल चर्चा केलेली नाही, आणि त्याला सांगा की जे लिहिलंय तेवढंच वाच, मला काय म्हणायचं होतं ते विचारू नको.

त्याच मुलीचा पूर्ण पेपर सांगतो. एकूण ८० मार्क. २० मार्कांचे बहुपर्यायी प्रश्न, त्यात उत्तरसूचीशी जुळवून १७ बरोबर, इथे पट्टा वगैरे काही नाही, १७ म्हणजे १७. दोन मार्कांचे दहा प्रश्न: कडक १२, बहुतेक १५, सैल १७. तीन मार्कांचे आठ: ११, १५, १९, यात एका पानाचा फोटो हललेला होता म्हणून पट्टा जरा रुंद आहे. चार मार्कांचे चार: ६, ९, १२. बेरीज केली तर कडक ४६, बहुतेक ५६, सैल ६५.

आता कोणीही म्हणेल की ४६ ते ६५ हा काय अंदाज झाला, हे तर कोणीपण सांगेल. बरोबर आहे. पण सगळ्या संशयित जागा एकाच वेळी तुमच्या विरुद्ध जायला हव्यात तेव्हा ४६ येतात, आणि तसं सहसा होत नाही, एका प्रश्नात अर्धा जातो, दुसऱ्यात अर्धा मिळतो, नाणं बारा वेळा उडवलं तर बाराही वेळा छापा पडत नाही तसंच. तिच्या पेपरात संशयित जागा साधारण बारा होत्या, प्रत्येकीत पाऊण-एक मार्क इकडेतिकडे. त्या एकमेकींशी संबंध नसलेल्या असत्या तर एकत्रित फरक साधारण ३ मार्कांचा निघतो, कारण अशा चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतात, म्हणजे बारा जागांची चूक एका जागेच्या बारापट नाही, साडेतीनपट.

पण संबंध असतो, आणि अंदाज फसतो तो नेमका इथेच. तपासणारा कडक असेल तर तो सगळ्याच प्रश्नांत कडक असतो. एकक नाही म्हणून एका ठिकाणी अर्धा कापला तर पाचही ठिकाणी कापणार. किंवा तुम्ही अंदाज करताना स्वतःला झुकतं माप देत असाल तर ते प्रत्येक प्रश्नात देताय. या गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, एकाच दिशेला साचत जातात. म्हणून पट्टा ३ चा पण नाही आणि १० चा पण नाही, मी मधला धरतो, ५६ च्या आजूबाजूला ५, म्हणजे ५१ ते ६१. हा ५ काही सूत्रातून आलेला नाही, अनुभवाने धरलाय, तो तपासून घ्यायची पद्धत पुढे सांगतो.

आधीचे तपासून मिळालेले पेपर काढा, शक्यतो त्याच विषयाचे आणि त्याच सरांनी किंवा मॅडमनी तपासलेले. लाल पेनाचे मार्क झाकायला लावा कोणाला तरी, आणि वर सांगितलं तसाच अंदाज करा, मग खरे मार्क बघा. या मुलीच्या तीन जुन्या पेपरांवर आम्ही हे केलं. अंदाज ६१, ५४, ६६ आणि खरे ५६, ५०, ६०. म्हणजे आम्ही ५, ४, ६ ने जास्त धरलं होतं, तिन्ही वेळा जास्तच, एकदाही कमी नाही. सरासरी ५. हे कळणं सगळ्या बेरजांपेक्षा महत्त्वाचं होतं, कारण चूक किती आहे यापेक्षा ती कुठल्या बाजूला झुकलीय हे दिसलं. मग ५६ मधून ५ वजा, ५१, आणि तीनच पेपर म्हणजे फार नाहीत म्हणून ४ चा पट्टा ठेवला: ४७ ते ५५. निकाल आला तेव्हा ४९ होते. ५६ हाच आकडा घरी सांगितला असता तर ७ मार्कांनी तोंडघशी पडली असती.

जुने पेपर तपासलेले नसतील, किंवा या वेळी तपासणारी व्यक्ती वेगळी असेल, तर वजाबाकी करू नका कारण ती त्या तपासणाऱ्यासोबतची आहे, त्याऐवजी पट्टा रुंद ठेवा, ६-७ तरी.

विषयाप्रमाणे पण फरक पडतो. नुसता बहुपर्यायी पेपर असेल तर अंदाज जवळजवळ तंतोतंत येतो, फक्त फोटो उत्तरपत्रिकेचा हवा, प्रश्नपत्रिकेवर केलेल्या खुणांचा नाही, कारण खूण एका पर्यायावर आणि गोल भरलेला दुसराच असं होतं, आणि एक ओळ चुकली तर खालचे सगळेच सरकतात. चुकीला मार्क वजा होत असतील तर "पन्नास-पन्नास" वाटलेली उत्तरं बरोबर म्हणून मोजू नका. निबंध, रसग्रहण वगैरेला मात्र मी फोटो बघून आकडा सांगतच नाही, तिथे दोन अनुभवी तपासनीसांमध्येच बराच फरक निघतो.

आणि एक, फोटोवरून फक्त मार्क कळतात, नंबर किंवा पर्सेंटाईल नाही, त्याला बाकीच्यांनी काय लिहिलं ते लागतं. पासिंगची किंवा ग्रेडची रेघ तुमच्या पट्ट्याच्या बाहेर असेल तर निश्चिंत राहा किंवा जे ठरवायचं ते आत्ताच ठरवा. रेघ पट्ट्याच्या आत पडत असेल, म्हणजे तुमचा पट्टा ४७ ते ५५ आणि रेघ ५० ला, तर फोटो कितीही वेळा झूम करून बघितले तरी उत्तर मिळणार नाही, निकालाची वाट बघावीच लागेल. तेवढ्या आठ-दहा दिवसांत त्या बारा संशयित जागा एका वहीत उतरवून ठेवा, पेपर हातात आला की प्रत्येक जागी खरे किती पडले ते समोर लिहा, पुढच्या वेळी वजा करायचा आकडा त्यातूनच मिळेल.