दुकानात ठेवायला दिलेल्या गोधड्यांचं बिल कधी फाडायचं?

ताई, जळगावच्या दुकानदाराला ४० गोधड्या ‘विकल्या तर पैसे’ बोलीवर देतेस ना, मग माल निघताना बिल नको, डिलिव्हरी चलन दे. नंबर, तारीख, नग, किंमत लिही आणि त्याची सही घे. तो जेवढ्या विकल्याचं कळवेल, तेवढ्यांचंच बिल तेव्हाच कर. म्हणून दर शनिवारी आकडा विचारत जा.

समज, १० सप्टेंबरला माल गेला, २६ विकल्या. उरलेल्या १४ गोधड्या १० मार्चच्या आत परत आण, चलनावर जुन्या चलनाचा नंबर टाकून. सहा महिने उलटले की जीएसटीत त्या विकल्याच धरतात. बिल करून कर भरावाच लागतो, माल फडताळातच असला तरी. माझ्या ९ नगांचं तसंच झालं. परत आल्यावर क्रेडिट नोट काढावी लागली. आणि परत घेताना घडी उघडून बघ, उंदराने कुरतडलेली त्याच्या समोरच बाजूला काढ.