परिसंवादात एकाचा आवाज कानावर आदळतो, दुसऱ्याचा ऐकूच येत नाही

प्रश्न: तासगावात द्राक्ष-बेदाणा परिसंवाद झाला, त्याचं दीड तासाचं रेकॉर्डिंग मिक्सरवरून थेट एका फाईलमध्ये घेतलंय. निवेदक आणि हवामानवाले सर मोठ्यानं ऐकू येतात, पण ज्येष्ठ बागायतदार काकांचं बोलणं मोबाईलवर कळतच नाही. Audacity मध्ये Normalize केलं, मग Compressor लावला. काकांचा आवाज होता तसाच राहिला, पंख्याची घरघर मात्र वाढली. काय चुकतंय?

उत्तर:

तुमची अवजारं बरोबर आहेत, क्रम उलटा झालाय. आधी प्रत्येक वक्त्याची पातळी हातानं जुळवायची, मग कॉम्प्रेसर, आणि नॉर्मलायझेशन सगळ्यात शेवटी. का, ते आधी सांगतो. ते कळलं की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

Normalize हा इफेक्ट अख्ख्या फाईलमधलं एकच सर्वांत उंच टोक शोधतो आणि ते ठरवलेल्या पातळीला नेतो. परिसंवादात ते टोक बहुतेक वेळा बोलण्याचं नसतंच. माईक टेबलावर ठेवतानाचा ठोका असतो, नाहीतर टाळी. मग सगळी फाईल सारखीच वर किंवा खाली सरकते आणि दोन वक्त्यांमधला फरक होता तेवढाच राहतो.

Loudness Normalization वेगळं आहे. ते टोक बघत नाही, कानाला किती मोठं वाटतं ते LUFS मध्ये मोजतं. पण मोजतं सगळ्या फाईलचं मिळून. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी कुणी सांगत नाही. सरासरीपेक्षा 10 हून जास्त खाली असलेला भाग हे मोजमाप शांतता समजून सोडून देतं. बोलण्यामधल्या विरामांमुळे आकडा खाली ओढला जाऊ नये म्हणून ही सोय आहे. तुमचे काका इतरांपेक्षा फारच हळू असतील, तर त्यांचं बरंचसं बोलणं त्या हिशोबातच धरलं जात नाही. सरांचा आवाज बघून आकडा ठरतो, आणि काका होते तिथेच राहतात.

आता कॉम्प्रेसर. थ्रेशोल्ड म्हणून जी रेषा तुम्ही ठरवता, तिच्या वर गेलेला आवाज तो दाबतो. समजा रेषा -18 वर आहे आणि रेशो 3:1. सरांचा एखादा जोरकस शब्द -9 वर पोचला, म्हणजे रेषेच्या 9 डेसिबल वर गेला. त्यातले 3 उरतात, 6 दाबले जातात. काकांचा सगळ्यात मोठा शब्दच -21 ला आहे. तो रेषेला शिवतही नाही. मग तुम्ही मेकअप गेन देऊन सगळं 6 नं वर उचलता, तेव्हा काका 6 नं वर येतात, आणि पंखाही 6 नं वर येतो. तुमच्या फाईलमधल्या घरघरीचं कारण बहुधा हेच आहे. फरक अजून कमी करायला रेशो वाढवलात तर सरांचा आवाज चेपून सपाट होतो आणि काकांचा तसाच मोकळा राहतो. दोघं एकाच मंचावर बसलेत असं मग वाटत नाही.

म्हणून वक्त्या-वक्त्यांतला फरक कॉम्प्रेसरवर सोडू नका. एकाच माणसाच्या बोलण्यातला चढउतार, म्हणजे वाक्य जोरात सुरू होणं आणि शेवटी मावळणं, एवढंच काम त्याच्याकडे ठेवा.

प्रत्यक्षात मी असं करतो. मिक्सरची फाईल स्टिरिओ दिसत असली तरी दोन्ही बाजूंना बहुधा एकच आवाज असतो, तेव्हा आधी मोनो करून घ्या, काम निम्मं होतं. मग ऐकत जा, आणि वक्ता बदलला की तिथे Ctrl+I दाबून फाईल तोडा. काप दोन वाक्यांमधल्या विरामात घ्या, शब्दाला चिकटून नको. मग प्रत्येकाचे तुकडे उचलून त्याच्या स्वतंत्र ट्रॅकवर सरळ खाली ओढा, डावी-उजवीकडे न हलवता. चार वक्ते असले की चार ट्रॅक होतात आणि वेळ जिथल्या तिथे राहते. दीड तासाच्या फाईलला हे काम कंटाळवाणं वाटेल, पण फळ मिळतं ते इथेच. यापुढे काकांचा आवाज म्हणजे एका ट्रॅकची एक पट्टी.

टाळ्या आणि हशा पाचव्या ट्रॅकवर टाका आणि 6 ते 8 डेसिबल खाली आणा. दोघं एकदम बोलत असतील तो तुकडा ज्याचं म्हणणं पुढे चालू राहतं त्याच्या ट्रॅकवर ठेवा, तो आणखी तोडत बसू नका.

आता मोजमाप. प्रत्येकाचा सलग बोलणारा अर्ध्या मिनिटाचा भाग निवडा, टाळ्या आणि मोठे विराम नसलेला. ffmpeg हा कमांडनं चालणारा प्रोग्राम असेल तर:

```
ffmpeg -ss 00:12:10 -t 30 -i parisamvad.wav -af ebur128=dualmono=true -f null -
```

शेवटी Summary येते, त्यातली `I:` ची ओळ वाचायची. मिरजेतल्या एका परिसंवादाची अशीच फाईल माझ्याकडे आली होती, तिचे आकडे देतो, कारण चित्र तुमच्यासारखंच होतं. निवेदक -19, माईक ओठाला लावून बोलणारे अभ्यासक -16, एक बागायतदार ताई -21, आणि ज्येष्ठ वक्ते -29. म्हणजे टोकाटोकात 13 चा फरक. याचं कारण बहुतेक वेळा घशात नसतं, माईकच्या अंतरात असतं. तोंडापासून अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज साधारण 6 डेसिबल पडतो. माईक छातीशी धरून बोलणारा माणूस मोठ्यानं बोलला तरी मागे पडतो, आणि त्याच्या आवाजात हॉलचा घुमाराही जास्त मिसळतो.

सगळ्यांना -20 वर आणायचं ठरवलं तर निवेदक 1 नं खाली, अभ्यासक 4 नं खाली, ताई 1 नं वर आणि ज्येष्ठ वक्ते 9 नं वर. ट्रॅकच्या डावीकडची आवाजाची पट्टी तेवढी सरकवली की झालं. फक्त त्या 9 पाशी थांबलो. एवढं उचललं की त्यांच्याबरोबर पंखाही 9 नं वर येतो, आणि दर वेळी ते बोलायला लागले की घरघर सुरू, थांबले की बंद. स्थिर राहिलेला पंखा कान विसरतो, ये-जा करणारा विसरत नाही.

त्यावर दोन उपाय एकत्र केले. उचलण्याआधी फक्त त्यांच्या ट्रॅकवर 80 हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरनं काढलं आणि Noise Reduction लावलं. नमुना त्यांच्याच तुकड्यातल्या, नुसता पंखा ऐकू येणाऱ्या सेकंदाचा घेतला. कपात 6 डेसिबलच ठेवली. 15-20 दिली की ‘स’ आणि ‘श’ पाण्यातून आल्यासारखे होतात, आणि ते मग परत नीट होत नाहीत. दुसरं म्हणजे 9 ऐवजी 7 च उचललं. ते 2 नं मागे राहिले, पण पुढे कॉम्प्रेसर मोठ्या आवाजांना थोडं दाबतोच, त्यात तो फरक बराच भरून निघतो. तुकड्यांच्या कडांना अर्ध्या सेकंदाचे फेड दिले, म्हणजे पार्श्वभूमी पायरीसारखी उडी मारत नाही.

आता प्रत्येक ट्रॅक एकेकटा निवडून Mix and Render करा, म्हणजे पट्टीनं केलेला बदल आवाजात पक्का होतो. नाहीतर कॉम्प्रेसर जुन्याच पातळीवर चालतो. मग कॉम्प्रेसर, सगळ्या ट्रॅकना एकाच सेटिंगनं. रेशो 3:1, अटॅक 10 मिलिसेकंद, रिलीज 150 च्या आसपास, मेकअप गेन शून्य. थ्रेशोल्ड -20 पासून सुरू करा आणि ऐकत खाली-वर करा. Audacity 3.6 पासूनच्या कॉम्प्रेसरमध्ये किती दाबलं जातंय ते आलेखात दिसतं. सर्वसाधारण बोलण्यात 3 ते 5 डेसिबल दिसले की पुरे. सतत 8-10 दिसत असतील तर जास्त होतंय. रिलीज फार लहान ठेवला तर दोन शब्दांच्या मधे पंखा फुगून वर येतो. डोळे मिटून फक्त विराम ऐका, लगेच कळतं.

मग पाचही ट्रॅक एकत्र मिसळा आणि त्या एका फाईलला Loudness Normalization द्या: -16 LUFS, फाईल मोनो असेल तर `Treat mono as dual-mono` वर खूण हवीच. ती नसेल तर आवाज 3 नं चुकतो. पॉडकास्टला आणि मोबाईलवर ऐकायला -16 चांगलं बसतं. यूट्यूबवर टाकायचं असलं तरी चालतं. ते साधारण -14 च्या वरचं खाली आणतं, पण हळू असलेलं वर उचलत नाही, म्हणून फार खाली ठेवून पाठवू नका. हे केल्यावर काही टोकं 0 च्या वर गेलेली दिसतील. घाबरू नका. Audacity आत 32-बिट फ्लोटमध्ये काम करतं, त्यामुळे एक्सपोर्ट करेपर्यंत काही तुटत नाही. शेवटी Limiter -1 वर लावा आणि मगच एमपी3 काढा.

तपासणी हेडफोनवर करू नका, तिथे सगळंच चांगलं ऐकू येतं. फोनच्या स्पीकरवर, आवाज कमी ठेवून, शेजारी पंखा चालू असताना ऐका. आणि नेमकं वाक्यांचा शेवट ऐका. आपलं क्रियापद आणि नकार शेवटी येतो, आणि वयस्कर माणसाचा आवाज तिथेच मावळतो. ‘या अवस्थेत हे औषध मारायचं नाही’ यातला ‘नाही’ गेला, तर ऐकणारा बागेत जाऊन उलटंच करेल. कॉम्प्रेसरनंतरही असे शेवट बुडत असतील तर थ्रेशोल्ड आणखी खाली नेऊ नका. तेवढेच दोन-चार शब्द निवडून Amplify नं 3-4 डेसिबल उचला, किंवा Envelope टूलनं ओढा. शेतीच्या परिसंवादात मी औषधांची नावं, प्रमाणं आणि नकार यांच्यासाठी हे हातानं करतोच.

एक गोष्ट यातून सुटत नाही. सरांचा आवाज मिक्सरवरच फुटला असेल, म्हणजे झूम केल्यावर लहरीचा माथा कापल्यासारखा सपाट दिसत असेल, तर तो खाली आणल्यावर हळू होईल, पण फाटलेलाच राहील. त्या भागाला Clip Fix लावून बघा, थोड्या फाटण्याला उपयोग होतो, जास्तीला नाही.

पुढच्या वेळी मिक्सर डिजिटल असेल तर साऊंडवाल्याला प्रत्येक माईकचा वेगळा ट्रॅक पेन ड्राईव्हवर द्यायला सांगा. बऱ्याच मिक्सरमध्ये ती सोय असते, कार्यक्रमाआधी विचारावं लागतं इतकंच. तोडातोडीचं सगळं काम वाचतं. काकांचा माईक हातात देण्याऐवजी कॉलरला लावला, तर 7-9 डेसिबल उचलायची वेळही येणार नाही.