टाळू बसली, तेव्हा बाळाच्या अंगातले किती पाणी गेले होते?

“ताई, माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. काल संध्याकाळपासून पाच-सहा उलट्या झाल्या. सासूबाई म्हणतात टाळू बसली, तेल भरा. पाणी पाजले की उलटून टाकतो, म्हणून रात्रीपासून पाणी बंद केले. मोठ्या माणसाला एवढ्या उलट्यांनी काही होत नाही, मग हा एका रात्रीत इतका कसा सुकला?”

चोपडा तालुक्यातल्या एका गावाहून ही आई मे महिन्यातल्या दुपारी आमच्या बालविभागात आली होती. सोबत आजी होत्या आणि बाळाच्या टाळूवर तेलाचा बोळा होता. मी आधी आजींना सांगितले की तुम्ही पाहिलेले अगदी बरोबर आहे. टाळूची हाडे अजून जुळलेली नसतात, त्यामुळे शरीरातले पाणी कमी झाले की तिथली मऊ जागा आत ओढली जाते. म्हणजे टाळू बसणे हा आजार नसून पाणी गेल्याची खूण आहे, आणि ते पाणी वरून लावलेल्या तेलाने भरून येत नाही.

किती पाणी गेले, हे माता व बाल संरक्षण कार्डामुळे कळले. सहाच दिवसांपूर्वी गोवर-रुबेलाच्या लसीच्या वेळी बाळाचे वजन ८.२ किलो नोंदवले होते. आता ते ७.७ भरले. एवढ्या थोड्या दिवसांत अर्धा किलो मांस झडत नाही, गेले ते जवळजवळ सगळे पाणीच, म्हणजे सुमारे अर्धा लिटर. हा तोटा वजनाच्या सहा टक्के होतो. साठ किलोच्या माणसाचे तेवढ्याच प्रमाणात पाणी जायचे, तर साडेतीन लिटरहून अधिक जावे लागेल.

बाळाचा साठा लहान आणि उलाढाल मोठी, हे त्यामागचे कारण आहे. आठ किलोच्या बाळाला दिवसाला सुमारे ८०० मिलिलिटर द्रव लागतो, म्हणजे वजनाच्या दहाव्या भागाइतका. मोठ्या माणसाला वजनाच्या मानाने याच्या निम्म्याहूनही कमी पुरतो. वजनाच्या मानाने बाळाची कातडी जास्त पसरलेली असते, श्वास जलद असतो आणि मूत्रपिंडे पाणी धरून ठेवण्यात अजून पुरेशी तयार झालेली नसतात. त्यातच ताप आणि आपल्याकडचा उन्हाळा असला, तर उलटी थांबल्यावरही कातडीतून आणि श्वासातून पाणी जातच राहते. म्हणून या घरात उलट्यांपेक्षा अधिक नुकसान रात्रभर पाणी बंद ठेवल्याने झाले असावे, असे मला वाटते.

मी आईला बाळ शांत असताना, मांडीवर उभे धरून टाळू पाहायला शिकवले, कारण रडताना ती फुगते आणि खोलगटपणा लपतो. निरोगी बाळाचीही टाळू किंचित खोल असू शकते आणि साधारण दीड वर्षापर्यंत ती भरून येते, म्हणून एकट्या टाळूवर विसंबता येत नाही. या बाळाचे डोळे खोल गेले होते, तोंड आतून कोरडे होते आणि रडताना अश्रू येत नव्हते. पहाटे पाचनंतर, म्हणजे आठ तास, लंगोट ओला झाला नव्हता. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश खाली बसली. मात्र फार कृश बाळात ही चिमटी उगाच घाबरवते आणि गुटगुटीत बाळात फसवते. मला सर्वांत धीर देणारी गोष्ट वेगळीच होती: बाळ चिडचिडे असले तरी जागे होते आणि चमचा दिसताच त्यावर झेपावत होते.

डॉक्टरांनी वजनाच्या दर किलोला ७५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ५७५ मिलिलिटर जलसंजीवनी चार तासांत द्यायला सांगितली. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामे केले. एकदम वाटीभर पाजले की पोट ते परत फेकते, म्हणून दर दोन मिनिटांनी पाच मिलिलिटरचा एक चमचा, असे सुमारे ११५ चमचे आई आणि आजी आळीपाळीने देत राहिल्या. मध्ये एक उलटी झाली, तेव्हा दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश सुरू केले. अंगावरचे दूध चालूच होते.

बाळ सुस्त पडले असते, हाक मारूनही नीट जागे झाले नसते किंवा चमचा गिळू शकले नसते, तर चमच्यांवर वेळ न घालवता शिरेतून सलाईन द्यावे लागले असते. हिरवी किंवा रक्ताची उलटी झाली, तरीही घरी थांबू नये, हे मी दोघींना निघण्यापूर्वी पुन्हा सांगितले.

तिसऱ्या तासाला लंगोट ओला झाला. चौथ्या तासाला बाळ सुईच्या भीतीने रडले, तेव्हा गालावर अश्रू ओघळले, आणि ते आजींनीच मला बोलावून दाखवले.