काळ्या मसाल्याचा धंदा विकला, मग भुसावळला परत सुरू केला

प्रश्न: जळगावात काळ्या मसाल्याचा चालू धंदा विकत घेतला. विकणाऱ्याने '5 वर्षं हा धंदा करणार नाही' असं लिहून दिलंय. आता तो भुसावळला पुतण्याच्या नावाने तेच करतोय. आमचा मसाला भाजणारा माणूसही तिकडे गेला. 'सोडल्यावर 3 वर्षं दुसरीकडे काम करणार नाही, कृती कुणाला सांगणार नाही' अशी त्याची सही आहे. दोघांना थांबवता येईल का?

उत्तर: मी जळगावात दिवाणी वकिली करतो. आधी विकणाऱ्याचं बघू.

करार कायदा 1872 च्या कलम 27 प्रमाणे कुणाला धंद्यापासून अडवणारा करार रद्दबातल असतो. अपवाद गुडविल, म्हणजे धंद्याचं नाव आणि पत, विकणाऱ्याचा. ठरलेल्या हद्दीत, घेणारा तिथे तसाच धंदा चालवतोय तोवर, विकणाऱ्याला बांधून ठेवता येतं. मात्र हद्द कोर्टाला वाजवी वाटली पाहिजे.

म्हणून करारनामा काढा आणि त्यात गुडविलचा उल्लेख शोधा. आपल्याकडे भट्टी, चक्की, गाळा, पडून असलेला माल, सगळ्याची किंमत लिहितात आणि नावाची लिहायची राहते. तसं असेल तर तो अपवाद तुम्हाला लागू करून घेणं अवघड.

दुसरी अडचण, तुमच्या कलमात मुदत आहे, हद्द दिसत नाही. 'जळगाव जिल्हा' एवढं लिहिलं असतं तरी भुसावळ त्यात आलं असतं. विकणारा एकटा मालक असेल तर ही त्रुटी महागात पडेल. पण भागीदारी फर्मचं गुडविल विकलं असेल, तर भागीदारी कायदा 1932 चं कलम 55 मुदत *किंवा* हद्द, यांपैकी एकही चालवून घेतं, बंधन वाजवी असलं म्हणजे झालं. त्यामुळे जुनं भागीदारीपत्र होतं का ते विचारा. माझ्या मते तुमचा दावा यावरच फिरेल.

पुतण्याने सही केलेली नाही, म्हणून पडद्यामागे काकाच आहे हे दाखवावं लागेल: भांडवल कोणाच्या खात्यातून गेलं, दुकानदारांकडून ऑर्डर कोण घेतं, मिरचीचा व्यापारी उधारी कोणाच्या नावावर लिहितो.

भाजणाऱ्याचं 3 वर्षांचं बंधन विसरा. नोकरी चालू असताना असं बंधन टिकू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 च्या गोळीकरी खटल्यात मान्य केलं. सोडल्यानंतरचं कलम 27 मध्ये अडकतं. पोटाला काम करायचा त्याचा हक्क कोर्ट सहसा काढून घेत नाही.

कृतीचं वेगळं. ती खरंच गुप्त होती का? वजनांची वही भट्टीजवळ उघडी पडून असेल, तर गुपित कसलं? वही कपाटात, किल्ली तुमच्याकडे आणि मापं फक्त त्यालाच ठाऊक असतील, तर बोलता येईल. भाजणी कधी उतरवायची हा हाताचा अंदाज मात्र त्याचाच, तो तुम्हाला मागता येणार नाही.

त्याच्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मागताना 'तिथे काम करू नये' असं लिहू नका. 'अमुक कृती वापरू नये, सांगू नये' एवढंच मागा, आणि कृती बंद लिफाफ्यात कोर्टापुढे ठेवायची परवानगी मागा, नाहीतर दाव्याच्या कागदांतूनच ती फुटेल.