सायकल तोडायला कमीत कमी एजेस कशा काढायच्या?

प्रश्न: डायरेक्टेड ग्राफ आहे, DFS मध्ये सापडलेल्या बॅक एजेस काढतोय पण फार जास्त जातायत, काही बरा उपाय?

एक्झॅक्ट मिनिमम काढणं NP-hard आहे, त्यामुळे मोठ्या ग्राफला ह्युरिस्टिकच. आपण नोड्स एका ओळीत लावायचे आणि ज्या एजेस उजवीकडून डावीकडे जातात तेवढ्याच काढायच्या, म्हणजे सगळा खेळ ओळ कशी लावतो त्याचा.

इड्स-लिन-स्मिथची (1993) ग्रीडी पद्धत वापर. सिंक दिसला की उचलून उजव्या टोकाला, सोर्स दिसला की डाव्या टोकाला, दोन्ही नसले तर ज्याचं आउट वजा इन सगळ्यात जास्त तो डावीकडे, आणि दरवेळी नोड काढला की डिग्र्या अपडेट करायच्या (हे विसरलं की सगळं गंडतं).

उदा. हा ग्राफ घे:

```
A→B  B→C  C→A  C→D  D→B
```

सिंक, सोर्स काहीच नाही. C चा फरक +1, म्हणून तो डावीकडे. आता B सिंक झाला, तो उजवीकडे, A आणि D मधे कसेही. ओळ झाली C A D B, उलटी एज फक्त B→C, एकच काढायची. तुझं DFS A पासून सुरू केलं तर C→A आणि D→B अशा दोन जातात.

बकेट वापरले तर लिनिअर टाइममध्ये होतं. सेल्फ लूप आधीच काढून टाक, आणि शेवटी काढलेली एकेक एज परत घालून बघ, सायकल होत नसेल तर राहू दे, कधीकधी एक-दोन फुकट वाचतात.