फ्रेंच शिफारसपत्रातलं बेताचं कौतुक इंग्रजीत कसं न्यायचं?

प्रश्न: फ्रान्समध्ये मास्टर्स करतेय. ब्रिटनमधल्या पीएचडी स्कॉलरशिपसाठी सरांनी फ्रेंचमध्ये शिफारसपत्र दिलंय, समितीला इंग्रजी हवंय. सर माझ्यावर खूश होते, पण पत्र अगदीच कोरडं वाटतं. भाषांतरात जरा रंग भरला तर चालेल का?

उत्तर:

रंग भरू नका. पण शब्दाला शब्द ठेवलात, तर आत्ता आहे तो रंगही उडेल. मी पुण्यात फ्रेंच-इंग्रजी भाषांतराचं काम करते आणि अशी पत्रं दरवर्षी हाताखालून जातात. फ्रेंच प्राध्यापक कौतुक कमी करतो असं नाही. त्याची मोजपट्टी वेगळी असते. ‘चांगलं’ म्हणजे खरोखर चांगलं, आणि ‘उत्कृष्ट’ हा शब्द तो वर्षानुवर्षं जपून ठेवतो. भाषांतरात ती पायरी ओळखून इंग्रजीतली तीच पायरी गाठायची असते.

तुमचं पत्र मी पाहिलेलं नाही, म्हणून अलीकडेच केलेल्या एका पत्रातली वाक्यं घेते. मुलगी प्रयोगशाळेत सहा महिने स्ताज, म्हणजे इंटर्नशिप, करत होती. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

पहिलंच वाक्य: ती ‘एत्युदियांत सेरियोझ’ आहे. इथे ‘सीरियस स्टुडंट’ लिहिलं की घोळ होतो. इंग्रजी वाचकाला गंभीर चेहऱ्याची, न हसणारी मुलगी दिसू शकते. फ्रेंच प्राध्यापकाला म्हणायचं असतं की काम मनापासून आणि नेटकं करते, दिलेला शब्द पाळते. मी ‘कॉन्शिएन्शस अँड हार्डवर्किंग’ लिहिलं. एका शब्दाचे दोन झाले, पण नवीन कौतुक कुठलंही आलं नाही. ‘आउटस्टँडिंग’ लिहिलं असतं तर आलं असतं.

पुढचं वाक्य सगळ्यात फसवं: तिच्या कामाने मला ‘आंतिएर सातिस्फाक्सियों’ दिलं. इंग्रजीत ‘सॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे जेमतेम पास. आपल्याकडच्या प्रगतिपुस्तकातलं ‘समाधानकारक’ आठवा, आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पाडणारं. फ्रेंचमध्ये मात्र ‘आंतिएर’, म्हणजे संपूर्ण, या शब्दामुळे अर्थ होतो की तक्रारीला कुठेही जागा नव्हती. म्हणून ‘आय वॉज एन्टायरली सॅटिस्फाइड विथ हर वर्क’. वाक्य प्राध्यापकाच्या तोंडी, ‘आय’ने सुरू केलं की वजन येतं.

मग आलं: ‘सुरुवातीला काहीशी रेझेर्वे होती, पण एल आ स्यु गटात आपली जागा निर्माण करायला.’ मुलीने मला विनवलं, ‘ताई, तो अबोलपणाचा भाग गाळा ना.’ गाळला नाही. एक तर तो अधिकार माझा नाही. दुसरं म्हणजे वाक्याचा जोर पहिल्या अर्ध्यावर उभा आहे: अबोल होती म्हणूनच पुढे तिने जागा मिळवली याला किंमत आहे. शिवाय सगळंच गोडगोड असलेल्या पत्रापेक्षा असं एक वाक्य पत्र लिहिणाऱ्याने मुलीला खरंच जवळून पाहिल्याचं सांगतं. फक्त ‘एल आ स्यु’चं ‘तिला माहीत होतं’ करू नका. क्रियापद ‘जाणणं’ असलं तरी इथे अर्थ ‘तिला ते जमलं’ असा आहे. ‘समव्हॉट रिझर्व्ड अ‍ॅट फर्स्ट, शी वेंट ऑन टू फाइंड हर प्लेस इन द टीम’ इतकं पुरलं.

तिचं योगदान ‘नों नेग्लिजाब्ल’ होतं, असंही एक वाक्य होतं. नकारातून होकार सांगायची ही फ्रेंच खोड आपल्याला नवी नाही. ‘भाजी वाईट नाही झाली’ असं सासूबाई म्हणाल्या, तर ती शाबासकी आहे हे आपल्याला कळतं. इंग्रजीत नुसतं ‘नॉट नेग्लिजिबल’ थंड पडतं. मी ‘अप्रिशिएबल’ घेतलं. ‘सिग्निफिकंट’ एक पायरी वर गेलं असतं.

आता गुण. पत्रात २० पैकी १४.२ होते. याची टक्केवारी करू नका. ७१ टक्के पुण्यात साधारण वाटतील, तर ब्रिटनमध्ये ७० च्या वरचे गुण फर्स्ट क्लास समजले जातात. म्हणजे एकच आकडा एकीकडे तुम्हाला खाली ओढतो आणि दुसरीकडे फुकट वर चढवतो. फ्रान्समध्ये १० ला पास, १२ ला ‘आसे ब्यँ’ म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, १४ ला ‘ब्यँ’ म्हणजे चांगलं आणि १६ ला ‘त्रे ब्यँ’ म्हणजे खूप चांगलं, असा शेरा सहसा मिळतो. वीसपैकी वीस फक्त देवाला, असं तिथले लोक थट्टेने म्हणतात. मी मजकुरात १४.२ तसेच ठेवले आणि तळाला ‘भाषांतरकाराची टीप’ असं स्पष्ट लिहून ही श्रेणी दिली. टीप मजकुरात मिसळली तर ती प्राध्यापकाच्या तोंडी जाते.

शेवटची शिफारस मात्र दोनदा वाचा, कारण समितीचं लक्ष तिथे असतं. ‘व्होलोंतिए’ शिफारस करतो म्हणजे आनंदाने, ‘ग्लॅडली’. ‘व्हिव्हमां’ म्हणजे जोरदार, ‘स्ट्राँगली’. ‘सां रेझेर्व’ म्हणजे ‘विदाउट रिझर्व्हेशन’. ‘व्होलोंतिए’चं ‘स्ट्राँगली’ करण्याचा मोह इथेच होतो. सुरुवातीच्या काळात मी तो केला होता, प्राध्यापकांनी मसुदा वाचून तो शब्द खोडला आणि समासात ‘मी असं म्हटलेलं नाही’ असं लिहून परत पाठवला. त्यांचं बरोबर होतं.

तपासायची माझी रीत सोपी आहे. फ्रेंच न येणाऱ्या, पण इंग्रजी चांगलं असणाऱ्या कुणाला तरी फक्त भाषांतर द्यायचं आणि विचारायचं, ‘ही मुलगी वर्गात कितवी असेल?’ या पत्रात ‘२२ जणांत चौथी’ असं लिहिलं होतं. ती ओळ झाकून माझ्या मैत्रिणीला वाचायला दिलं. ‘पहिल्या पाचात’, ती म्हणाली. ‘पहिली’ म्हणाली असती तर रंग जास्त झाला, ‘मधली’ म्हणाली असती तर उडाला, असं मी धरते.

तुमच्या बाबतीत आणखी एक. स्वतःचं शिफारसपत्र स्वतः भाषांतरित करून पाठवू नका. आधी स्कॉलरशिपचे नियम बघा. अधिकृत भाषांतर मागितलं असेल, तर फ्रान्समध्ये अपील न्यायालयाच्या यादीतला शपथबद्ध भाषांतरकार गाठा, तो शिक्का मारून देतो. तसं बंधन नसेल तर दुसऱ्याकडून मसुदा करून घ्या आणि सरांना पाठवा. त्यांना इंग्रजी वाचता येत असेल, तर त्यांनीच सुधारून, सही करून, मूळ पत्रासोबत थेट समितीला पाठवणं उत्तम. पत्र कोरडं वाटत असेल तर तेही तेव्हाच सांगा: ‘सर, इंग्रजी वाचकाला हे जरा थंड वाटेल का?’ शब्द वाढवायचा असेल तर ते वाढवतील. त्यांनी वाढवलेला शब्द त्यांचा असतो.

आणि हो, पत्राच्या शेवटी ‘माझ्या आदरपूर्वक अभिवादनाचा स्वीकार करण्याची विनंती’ छापाची दोन ओळींची लांबण असेल. ती कौतुकात मोजू नका. मायना ‘डिअर सर ऑर मॅडम’ असेल, तर शेवटी सरळ ‘युअर्स फेथफुली’ लिहा.