पाळीच्या मधल्या दिवसांतली ती एका बाजूची कळ

"पाळी संपून बरेच दिवस होतात आणि मग एके दिवशी ओटीपोटात एकाच बाजूला चमका येतात. दीड-दोन दिवसांत आपोआप थांबतात. नेटवर वाचलं की चौदाव्या दिवशी असं होऊ शकतं, पण मला एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी होतं. गाठ तर नसेल ना?"

हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो आणि बहुतेक वेळा भीतीचं मूळ त्या 'चौदाव्या दिवसा'तच असतं. सत्तावीस वर्षांच्या एका मुलीचं असंच झालं. (ओळख कळेल असे तपशील बदलले आहेत.) एकदा कळ उजवीकडे आली तेव्हा तिने अपेंडिक्सचा धसका घेतला होता.

मी तिला एक साधी वही ठेवायला सांगितली. पाळी आली ती तारीख, कळ कधी सुरू झाली, कोणत्या बाजूला, किती तास टिकली, आणि त्या दिवशी अंगावरून जाणारं पाणी कसं होतं, एवढंच लिहायचं. अंदाज बांधण्याआधी नोंद, हा माझा आग्रह जुना आहे.

वही घेऊन ती आली तेव्हा म्हणाली, "ताई, बघा, परत एकोणिसावा दिवस. चौदावा नाहीच."

"पुढची पाळी कधी आली?"

"पाच जुलैला."

"त्यातून चौदा दिवस मागे जा."

तिने बोटांवर मोजलं. एकवीस जून. तीन जूनला पाळी सुरू झाली होती आणि कळ एकवीस जूनलाच आली होती. मग तिने स्वतःच पुढचं पान उलटलं. पाळी सात ऑगस्टला, कळ चोवीस जुलैला. पुन्हा बरोबर चौदा दिवस. ती कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली.

ही कळ अंडाशयातून स्त्रीबीज सुटतानाची असते आणि चौदा दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर पाळी येईपर्यंतचा काळ साधारण बारा ते चौदा दिवसांचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. बदलतो तो आधीचा काळ. चक्र अठ्ठावीस दिवसांचं असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. तिचं बत्तीस-तेहेतीस दिवसांचं होतं, म्हणून एकोणिसाव्या-विसाव्याला. वहीत त्याच दिवसांसमोर 'अंड्याच्या पांढऱ्यासारखं, ताणलं जाणारं पाणी' अशी नोंद होती. तीही बीज सुटण्याचीच खूण.

पण दुखतं कशामुळे? बीजाभोवतीची द्रवाने भरलेली पिशवी दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढते, तेव्हा अंडाशयाचं आवरण ताणलं जातं. पिशवी फुटली की थोडा द्रव, कधी थोडं रक्त, पोटाच्या आतल्या अस्तराला लागतं आणि ते चुरचुरतं. शरीराने ते शोषून घेतलं की कळ थांबते. म्हणून ती काही मिनिटं ते दोन दिवस टिकते. ज्या अंडाशयातून बीज सुटलं त्या बाजूला दुखतं. बाजू दर महिन्याला आलटूनपालटून येईलच असं नाही. लागोपाठ दोनदा उजवीकडे दुखलं म्हणून घाबरायला नको. शेक आणि लागली तर पॅरासिटामॉलची गोळी पुरते. मूल हवं असेल तर या दिवसांत आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनानेच घेऊ नयेत, त्यांनी बीज सुटणं लांबू शकतं.

"मग डॉक्टरांकडे जायलाच नको?" तिने विचारलं.

वही दोन्हीकडे बोट दाखवते. कळ तिसऱ्या दिवशीही तशीच असेल, दर महिन्याला वाढत असेल, पाळीत किंवा संबंधाच्या वेळीही खूप दुखत असेल, मध्येच रक्तस्राव होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. ताप, दुर्गंधी असलेला स्राव किंवा लघवीला जळजळ असेल तर त्याच दिवशी. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं, भूक गेली, चालताना-खोकताना कळ वाढली, तर अपेंडिक्सची शंका घेऊन तातडीने जायचं. अचानक असह्य कळ आणि उलट्या असतील तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखलं तर लघवीची गर्भचाचणी लगेच करून, ती होकारार्थी आली तर त्याच दिवशी दवाखाना. सोबत चक्कर किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं असेल तर चाचणीसाठीही थांबू नका. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

पुढे एका महिन्यात तिची कळ डावीकडे चार दिवस रेंगाळली. या वेळी फोनवर तिचा आवाज शांत होता: "ताई, हे नेहमीचं नाही, मी दाखवून येते." वही बरोबर नेल्यामुळे डॉक्टरांचे निम्मे प्रश्न आधीच सुटले. सोनोग्राफीत चार सेंटिमीटरची साधी, पाण्याने भरलेली गाठ दिसली. डॉक्टरांनी औषध न देता दोन पाळ्यांनंतर पुन्हा बोलावलं आणि तोवर अचानक जोराची कळ आली तर लगेच यायला बजावलं. दुसऱ्या सोनोग्राफीत ती गाठ विरलेली होती.